पाच फूट आत घेतलेलं गेट

बंगल्याचं बांधकाम संपत आलं की हातातले पैसे संपलेले असतात आणि कंपाउंडचं काम उरलेलं असतं. मग फॅब्रिकेटर येतो, टेप काढतो आणि विचारतो, "काका, गेट दहा फुटी टाकू की बारा?" काका गाडीकडे बघतात, ती जेमतेम पावणेसहा फूट रुंद दिसते, आणि म्हणतात, "दहा पुरे की!" महिन्याभरात डाव्या खांबाच्या कोपऱ्याचं प्लास्टर उडालेलं असतं आणि गाडीच्या मागच्या दारावर त्याच उंचीवर एक लांबलचक ओरखडा उमटलेला असतो.

हा ओरखडा नेहमी मागच्या दारावरच का येतो, हे कळलं की गेटाचा निम्मा प्रश्न सुटतो. गाडीची फक्त पुढची चाकं वळतात. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूने वाट कापत येतात. त्यामुळे वळताना गाडी स्वतःच्या रुंदीपेक्षा बरीच जास्त जागा व्यापते. स्विफ्टसारख्या लहान गाडीचंच पाहू. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तर तिच्या आतल्या बाजूचा मागचा भाग साधारण आठ फूट त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो आणि बाहेरच्या बाजूचं नाक साडेसतरा फूट त्रिज्येच्या. या दोन वर्तुळांमधला पट्टा नऊ फुटांहून थोडा जास्त भरतो. म्हणजे सरळ उभी असताना पावणेसहा फुटांची असलेली गाडी वळताना नऊ फुटी होते. इनोव्हा दहा फुटी होते. त्यात आरसे, माणसाच्या हाताचा अंदाज आणि रात्रीचा पाऊस धरून दोन्ही बाजूंना एकेक फूट मोकळा ठेवला, की लहान गाडीला अकरा आणि मोठीला बारा फूट लागतात.

हा हिशोबही उदार आहे. गाडीला भिंतीपासून दूर राहून वळायला मोकळा रस्ता मिळतो, असं त्यात गृहीत आहे. आपल्याकडच्या कॉलनीतला अंतर्गत रस्ता अनेकदा वीस फुटांचाच असतो. समोरच्यांची गाडी रस्त्यावर लावलेली असते, म्हणजे उरले चौदा. गाडी भिंतीला घासून दीड फुटावरून येत असेल आणि गेट भिंतीच्याच रेषेत असेल, तर त्याच स्विफ्टला तेरा फुटांचं गेट लागतं. भिंतीपासून तीन फूट दूर राहता आलं तर बारा पुरतं, आठ फूट दूर राहता आलं तर अकरा. आपल्या गाडीला किती रुंद गेट लागेल, हे गाडीच्या मापाइतकंच गाडीची बाजू आणि गेटाची रेषा यांच्यातल्या अंतरावर ठरतं. हे अंतर वाढवण्याचे दोनच मार्ग आहेत. रस्ता रुंद करणं आपल्या हातात नाही. गेट मागे घेणं मात्र आहे.

बहुतेक घरमालक खर्च करतात तो भिंतीच्या उंचीवर आणि गेटाच्या नक्षीवर. गेट कुठे बसवायचं, याचा विचार कोणी करत नाही, कारण हद्दीची रेषा आखलेली असते आणि गेट तिच्यावरच बसणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. पण ते पाच फूट आत घेतलं, तर गाडीचं वळण, दारात आलेल्या माणसाची सोय आणि घराची सुरक्षितता हे तिन्ही प्रश्न एकदम सोपे होतात. कसे, ते एका ठरावीक प्लॉटवर आखून पाहू.

चाळीस बाय साठचा प्लॉट, चाळीस फुटांची बाजू रस्त्याला. नाशिक, सांगली, अमरावती, कुठल्याही शहराच्या नव्या वस्तीत असे प्लॉट ओळीने दिसतात. घरासमोर दहा फूट मोकळी जागा सोडलेली आहे आणि डाव्या बाजूला अकरा फूट रुंद, अठरा फूट खोल पोर्च आहे. त्या पोर्चच्या समोर बारा फुटांचं, सहा-सहा फुटांच्या दोन पल्ल्यांचं गेट, हद्दीपासून पाच फूट आत. गेटाच्या दोन्ही खांबांपासून भिंत रस्त्याकडे तिरपी उघडत जाते, दोन्हीकडे तीन-तीन फूट. त्यामुळे रस्त्याच्या रेषेत तोंड अठरा फुटांचं होतं आणि गेटापाशी बारा. गाडी वळताना भिंतीचा टोकदार कोपरा तिच्या वाटेतच येत नाही. दहा फूट पट्टा लागणारी इनोव्हाही या बारा फुटांतून एका दमात आत जाते.

आत जागा पुरते का, हे तपासायला हवं. गेटापासून पोर्चच्या मागच्या भिंतीपर्यंत तेवीस फूट आहेत. पल्ले आत उघडतात, त्यांना सहा फूट लागतात. उरले सतरा. इनोव्हाची लांबी साडेपंधरा फूट, म्हणजे दीड फूट शिल्लक. गाडी आत उभी असताना गेट उघडता-मिटता येतं, पण त्याहून लांब गाडी घेणाऱ्याने पोर्च आधीच वाढवून घ्यावा. पल्ले बाहेर उघडले तर ही जागा वाचेल, असं कोणाच्या मनात येईल. तो रस्ता बंद आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार गेट पूर्णपणे आपल्याच हद्दीत उघडलं पाहिजे, रस्त्यावर किंवा वाटेवर नाही.

मग सरकतं गेट का नको? भिंतीच्या रेषेत गेट असेल तेव्हा ते उत्तम. आत पल्ल्यांची जागा लागत नाही, चढ-उताराची अडचण येत नाही, मोटर बसवणंही सोपं. पण बारा फुटांचं गेट सरकायला शेजारी तेवढीच, किंबहुना फूटभर जास्त सरळ भिंत हवी. गेट पाच फूट आत घेतलं, की सरकलेला पल्ला समोरच्या बागेच्या मधोमध येऊन उभा राहतो. शिवाय रुळात पालापाचोळा आणि वाळू साचते, ती रोज कोणीतरी झाडायला हवी. या गेटाचा एक धोका मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवा. रुळाच्या टोकाला पक्का अडथळा नसेल किंवा वरचे मार्गदर्शक रोलर झिजले असतील, तर जोराने ओढलेलं गेट रुळावरून निसटून सरळ अंगावर पडतं. अशा गेटाखाली लहान मुलं सापडण्याच्या दुर्घटना झाल्या आहेत. सरकतं गेट घेताना रंग आणि डिझाइन नंतर बघावं, दोन्ही टोकांचे स्टॉपर आधी.

गाडी घरात घालताना उलटी घालावी की सरळ, यावर घराघरांत मतभेद असतात. चाळीस फूट रुंदीच्या प्लॉटवर आतल्या आत गाडी फिरवण्याचा विषयच नाही, कारण लहान गाडीलाही पूर्ण गोल फिरायला पस्तीस फुटांहून अधिक व्यासाचं मोकळं अंगण लागतं. कधीतरी रिव्हर्स घ्यावाच लागणार. तो आत जाताना घेतलेला बरा. उलटी जाताना गाडीचा वळणारा भाग मागून येतो, त्यामुळे नाकाचा सगळा फेरा बाहेर रस्त्यावर होतो आणि गेटातून जाणारा पट्टा जवळजवळ दोन फुटांनी अरुंद होतो. ज्यांचं दहा फुटी गेट आधीच बसून गेलंय, त्यांना हा उपाय फुकटात उपलब्ध आहे. आणि सकाळी घाईत बाहेर पडताना चालकाची नजर पुढे रस्त्यावर असते, मानेला पीळ देऊन मागे नसते.

बाहेर पडताना दिसण्याचा प्रश्न वेगळाच आहे आणि तो भिंतीच्या उंचीत अडकलेला आहे. गाडीत बसलेल्या माणसाचे डोळे बंपरच्या साधारण साडेसहा फूट मागे आणि जमिनीपासून पावणेचार फूट उंच असतात. रस्त्याच्या रेषेवर पाच फुटांची भरीव भिंत असेल, तर गाडीचं नाक साडेसहा फूट रस्त्यात गेल्यावर चालकाला पहिल्यांदा कळतं की डावीकडून सायकलवर एक मुलगी येते आहे. वीस फुटी रस्त्याचा तिसरा हिस्सा तोवर गाडीने अडवलेला असतो. गेट पाच फूट आत घेतलं, दोन्हीकडची भिंत तिरपी उघडली आणि गेटालगतची भिंत अडीच फुटांवर थांबवून वर उभ्या सळ्यांचं रेलिंग लावलं, तर गाडी आपल्याच हद्दीत असताना रस्ता दोन्हीकडे दिसतो.

या अडीच फुटांना नियमाचाही आधार आहे. वर सांगितलेल्या नियमावलीत पुढच्या भिंतीची उंची सर्वसाधारणपणे समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर, म्हणजे पाच फुटांपर्यंत धरली आहे. भिंत २.४ मीटरपर्यंत, म्हणजे आठ फुटांपर्यंत न्यायची तर वरचे ०.९ मीटर आरपार दिसेल असे, जाळीचे किंवा रेलिंगचे हवेत. कोपऱ्यावरच्या प्लॉटला चौकापासून दोन्ही रस्त्यांवर दहा-दहा मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फूट ठेवायची असते, वरचा भाग रेलिंगचा. कारण उघड आहे, वळणावरच्या वाहनांना पलीकडचं दिसलं पाहिजे. चौकासाठी जे तत्त्व आहे तेच प्रत्येक गेटालाही लागू पडतं, पण ते नियमात लिहिलेलं नसल्यामुळे कोणी पाळत नाही. मुंबईची नियमावली वेगळी आहे, आणि इतर ठिकाणीही भिंत मंजूर नकाशात दाखवावी लागते, त्यामुळे उंची ठरवण्याआधी स्थानिक कार्यालयात विचारलेलं बरं. मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करणं तर त्याच्याही आधी.

आता चोराचं बघू. उंच भरीव भिंत बांधली की घर सुरक्षित झालं, ही समजूत फार पक्की आहे. पाच-सहा फुटांची भिंत धडधाकट माणसाला चढायला अर्धा मिनिटही लागत नाही. वर काचा रोवल्या, तर तो पोतं टाकून येतो, आणि वर्षभर रक्तबंबाळ होतात ती शेजारची मांजरं आणि चेंडू काढायला चढलेली पोरं. भिंत ओलांडून तो आत उतरला, की तीच भरीव भिंत त्याचा आडोसा बनते. खिडकीचे गज कापायला लागणारी दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावरच्या कोणालाही न दिसता त्याला मिळतात.

हे निरीक्षण नवं नाही. अमेरिकेत जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये शहरांवरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की रस्ता सुरक्षित ठेवतात ती त्याच्याकडे लागलेली घरांची आणि दुकानांची नजर. पुढे १९७२ मध्ये वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांनी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहवसाहतींचा अभ्यास करून जागा कोणाची आहे हे स्पष्ट दिसणं आणि तिच्यावर रहिवाशांची नजर असणं या दोन गोष्टींवर भर दिला. आपल्याकडे कोकणात घराभोवती चिऱ्याचा किंवा दगडांचा कमरेएवढा गडगा असतो. गोव्यातल्या जुन्या घरांना रस्त्याकडे तोंड करून बसायला बाकं असलेली बाल्कांव असते. हद्द दिसते, नजर अडत नाही आणि आलेल्या परक्या माणसाला चार घरांतून कोणीतरी पाहिलेलं असतं. अर्थात दिवसभर कुलूप असलेल्या आणि शेजार रिकामा असलेल्या घराला गडगा पुरणार नाही. पण त्यालाही आठ फुटी भरीव भिंतीपेक्षा अडीच फूट भरीव आणि वर अडीच फूट उभ्या सळ्या हीच रचना जास्त उपयोगी पडते.

सळ्या उभ्या, हे महत्त्वाचं. गेल्या काही वर्षांत आडव्या पट्ट्यांच्या गेटांची फॅशन आली आहे. दिसायला ती झोकदार असतात, यात शंका नाही. चोराच्या दृष्टीने मात्र ती शिडीच असते आणि घरातल्या तीन वर्षांच्या नातवाच्या दृष्टीनेही. आडव्या पट्ट्याच हव्या असतील, तर त्यांच्या मागून पत्रा किंवा बारीक जाळी लावून पाय ठेवायला जागा मिळणार नाही असं करावं. उभ्या सळ्यांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी हवं, म्हणजे लहान मुलाचं डोकं अडकत नाही. आतल्या कडीजवळ सळ्यांमधून हात घालता येत असेल, तर कुलूप कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. तिथे फूटभर लांब-रुंद पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्यावा. टपालपेटीची फट कडीच्या वीतभर अंतरावर ठेवणारे महाभागही पाहायला मिळतात.

जुन्या बांधणीत या सगळ्याचा विचार उलट्या बाजूने केलेला दिसतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत, अंगावर आल्याशिवाय नीट दिसणार नाही असा बसवलेला आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या पल्ल्यावर हत्तीच्या धडकेपासून बचावाला लोखंडी खिळे आहेत आणि आत शिरल्यावर वाट लगेच वळते, म्हणजे घुसणाऱ्याला वेग घेता येत नाही. तिथे वळण मुद्दाम अवघड केलं होतं. पण त्याच दरवाजाच्या पल्ल्यात माणसाला ये-जा करण्यापुरता दिंडी दरवाजा आहे. रोजच्या वर्दळीसाठी महाद्वार उघडत नसत. ही साधी गोष्ट आजच्या बंगल्यांमध्ये हरवली आहे. एकच बारा फुटी गेट, ते जड, म्हणून दिवसभर अर्धवट उघडं, आणि दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे गाडीच्या बाजूने अंग चोरून आत येतात.

पायी येणाऱ्यासाठी साडेतीन फुटांचं वेगळं गेट हवं. साडेतीन फुटांतून स्कूटर, फ्रिज, व्हीलचेअर आणि वेळ आली तर स्ट्रेचरही जाते. अडीच फुटांतून यातलं निम्मंच जातं. आपल्या उदाहरणातल्या प्लॉटवर हे छोटं गेट उजवीकडच्या तिरप्या भिंतीत बसतं. ही तिरपी भिंत जवळजवळ सहा फूट लांब आहे, त्यात गेट बसून खांबाला जागा उरते. मधल्या खांबावर घराचं नाव, नंबर, घंटी आणि दिवा. दिवा माणसाच्या चेहऱ्यावर पडेल असा, म्हणजे आतून पाहताना कोण आलंय ते कळतं. गेटाच्या माथ्यावर लावलेले दिवे आलेल्याचा चेहरा काळोखात ठेवतात. छोट्या गेटातून निघालेली पायवाट थेट घराच्या दारापाशी जावी, पोर्चमधल्या गाडीच्या मागून नको.

पाच फुटांच्या त्या खोलगट जागेत घंटी वाजवून थांबलेला माणूस रस्त्यावर नसतो आणि घरातही नसतो. तिथे दोन फूट रुंद छज्जा काढला, तर कुरिअरवाला पावसात भिजत नाही. तिरप्या भिंतीच्या पायथ्याशी सोळा-सतरा इंच उंचीचा छोटा कट्टा बांधला, तर संध्याकाळी आजोबा तिथे टेकतात, आणि घराला वेगळा वॉचमन ठेवण्याची गरज बऱ्यापैकी कमी होते.

इथवरचं सगळं सपाट कागदावर झालं. प्रत्यक्षात रस्ता आणि प्लॉट यांच्यात गटार असतं आणि उंचीत फरक असतो. कंपाउंडच्या कामातल्या बहुतेक चुका इथे होतात. समजा पोर्चची जमीन रस्त्याच्या कडेपेक्षा फूटभर उंच आहे. मुकादम काय करतो, तर गेटापासून पोर्चपर्यंत एकसारखा चढ ओततो. मग फॅब्रिकेटर येतो, पल्ला आत ढकलतो आणि पल्ला फरशीला अडतो. सहा फुटांचा पल्ला दहास एक चढावर आत उघडायचा, तर त्याची खालची कड सात इंच वर कापावी लागते. त्या फटीतून घुशी, मांजरं आणि गल्लीतली कुत्री निवांत ये-जा करतात. गेटाखाली दिसणाऱ्या या मोठ्या फटी म्हणजे चढ कुठे द्यायचा हे आधी न ठरवल्याची खूण.

गेट आत घेतलेलं असेल, तर चढ गेटाच्या बाहेर पण आपल्याच हद्दीत उरकता येतो. बाहेरच्या पाच फुटांत सहा इंच चढ द्यायचा, म्हणजे दहास एक. पुढे गेटापासून पोर्चच्या टोकापर्यंत तेवीस फुटांत पन्नासास एक इतकाच सौम्य उतार बाहेरच्या दिशेने ठेवायचा. त्यात साडेपाच इंच मिळतात. दोन्ही मिळून फूटभर उंची भरते, पाणी बाहेर वाहतं आणि पल्ल्याखाली दोन इंचांची फट पुरते. गेटाच्या रेषेत सहा इंच रुंद जाळीचं चॅनेल टाकून त्याचं पाणी बाजूला गटारात किंवा शोषखड्ड्यात काढलं, तर आपल्या अंगणातलं पाणी रस्त्यावर जात नाही. फरक दीड-दोन फुटांचा असेल, तर हा हिशोब पुरत नाही आणि पोर्चची उंची घराच्या जोत्यापासून वेगळी, खाली घ्यावी लागते. ते पाया खणायच्या आधी ठरवायचं असतं.

रस्त्याचीही एक खोड आहे. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर जुन्यावरच चढतो आणि रस्ता दोन-तीन इंच वर येतो. आज रस्त्याबरोबर असलेलं अंगण दहा वर्षांनी खड्ड्यात जातं. पोर्च रस्त्यापेक्षा फूटभर उंच ठेवण्यामागे हेच कारण आहे. गटारावर टाकायची लादी मात्र एकसंध ओतू नये. ती दोन-अडीच फुटांच्या, कडी लावलेल्या तुकड्यांची असावी, म्हणजे गटार तुंबल्यावर उचलता येते. ओतीव लादीखाली गाळ साचला, की पहिल्याच मोठ्या पावसात ते पाणी आपल्याच गेटातून आत येतं.

गेटाचा खांब हा आणखी एक हमखास फसणारा भाग. सहा फुटांचा, पत्रा लावलेला लोखंडी पल्ला साठ-सत्तर किलोचा भरतो. तो बिजागऱ्यांवर लटकलेला असल्यामुळे वरची बिजागरी खांबाला सुमारे पन्नास किलोच्या ओढीने सतत बाहेर खेचत असते. नऊ इंची विटांचा खांब हे फार दिवस सोसत नाही, काळ्या मातीत तर नाहीच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि खांब दरवर्षी थोडा थोडा हलतो. लक्षण ओळखायला सोपं आहे. दोन पल्ले मिटल्यावर मधली कडी जुळत नाही, एक पल्ला वर उचलून मगच लागतो, आणि फरशीवर कोयरीच्या आकाराचा ओरखडा उमटतो. फॅब्रिकेटर येऊन कडीचं भोक मोठं करून देतो. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. उपाय मुळातच करायचा असतो: एक फूट बाय एक फूट आरसीसी खांब, त्याला घट्ट जमिनीपर्यंत नेलेला स्वतंत्र पाया आणि दोन्ही खांबांना गेटाच्या खालून जोडणारी आरसीसी पट्टी. ही पट्टी खांबांना एकमेकांपासून दूर किंवा जवळ सरकू देत नाही. तिच्यावरच जाळीचं चॅनेल बसतं, त्यामुळे खर्च वाटतो तेवढा वाढत नाही.

हे सगळं ओतण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. हद्दीच्या रेषेवर आणि पाच फूट आत फक्कीने आखणी करायची, खांबांच्या जागी चार बांबू रोवायचे, समोर एक गाडी मुद्दाम लावून ठेवायची आणि घरातल्या प्रत्येकाने आपली गाडी दोन्ही दिशांनी, सरळ आणि उलटी, आत घालून बघायची. सर्वांत सराईत नव्हे, नुकतं लायसन्स मिळालेल्या माणसाला जे जमेल ते माप खरं. बांबू पडला तर तो हलवून पुन्हा रोवता येतो. ही चाचणी रात्रीही एकदा घेतली, तर दिव्याची जागाही तिथेच ठरते.

पाच फूट आत गेल्याने प्लॉटचा किती तुकडा जातो, हा प्रश्न शेवटी येतोच. तोंडाशी अठरा आणि गेटापाशी बारा फूट, म्हणजे साधारण पंचाहत्तर चौरस फूट. चोवीसशे चौरस फुटांत तीन टक्के. जागा कागदोपत्री आपलीच राहते, पण ती कुंपणाबाहेर आहे हे विसरून चालत नाही. शेजारच्यांची स्कूटर तिथे उभी राहायला लागते, मग भाजीची गाडी, आणि काही वर्षांत रस्ता तिथपर्यंतच आहे असं सगळ्यांना वाटू लागतं. म्हणून हद्दीच्या रेषेवर फरशीत दगडाची वेगळी पट्टी बसवून टाकावी, पाच फुटांतलं पेव्हिंग रस्त्यापेक्षा निराळ्या रंगाचं ठेवावं आणि मोजणीच्या खुणा तिरप्या भिंतींच्या टोकांना जपून ठेवाव्यात. वर्दळीच्या मोठ्या रस्त्यावर मात्र पाच फुटांनी भागत नाही. गेट उघडेपर्यंत अख्खी गाडी रस्त्याबाहेर उभी राहायची तर पंधरा-सोळा फूट आत जावं लागतं, आणि चाळीस बाय साठच्या प्लॉटला ते परवडत नाही. तिथे रिमोटवर उघडणारं गेट हाच व्यवहार्य मार्ग उरतो. वीज गेल्यावर मोटर सोडवून गेट हाताने उघडायची किल्ली कुठे ठेवली आहे, हे मात्र घरातल्या किमान दोघांना माहीत असायला हवं.